एओडीवरचं घड्याळ बॅटरी खातंय? रंग बदलण्याआधी पार्श्वभूमीचा काळा रंग तपासा

तक्रार बहुतेक अशी असते: ऑलवेज ऑन डिस्प्ले, म्हणजे एओडी, सुरू केला की फोन संध्याकाळपर्यंत टिकत नाही. मग कुणी घड्याळ लहान करतं, कुणी पांढऱ्याचं निळं करतं. दोन दिवस बरं वाटतं. नवी थीम किंवा नवा वॉलपेपर टाकला की पुन्हा तेच. शेवटी माणूस वैतागून एओडी बंदच करून टाकतो आणि वेळ बघायला दिवसभर बटण दाबत बसतो. एवढं टोक गाठायची गरज नसते. घड्याळ देखणं राहून बॅटरीचा खर्च अर्ध्यावर येऊ शकतो, फक्त खर्च नेमका कुठे होतो ते आधी शोधायला हवं.

इथे मी ओएलईडी, म्हणजे अमोलेड पडद्याच्या फोनांबद्दलच लिहितोय. एलसीडी पडद्यामागे सगळीकडे बॅकलाइट असतो, त्यामुळे तिथे घड्याळाचा रंग बदलून काही हाती लागत नाही. अमोलेडमध्ये प्रत्येक पिक्सेल स्वतः उजेड देतो आणि पूर्ण काळा पिक्सेल म्हणजे विझलेला पिक्सेल. म्हणूनच एओडी परवडतो.

परवडतो, पण फुकट नसतो. त्याच्या खर्चाचे दोन भाग आहेत आणि ते वेगळे ठेवले तरच पुढचं नीट कळतं. पहिला भाग ठरलेला: पडदा जागा ठेवणाऱ्या चिपचा आणि चित्र पुन्हा पुन्हा ताजं करण्याचा. घड्याळ कसंही असो, हा द्यावाच लागतो. एलटीपीओ पडद्याच्या फोनांत तो बराच कमी होतो, कारण एओडीच्या वेळी तो पडदा सेकंदाला एकदाच चित्र ताजं करण्यापर्यंत खाली येऊ शकतो. आयफोन १४ प्रो २०२२ मध्ये एओडी घेऊन आला तो याच जोरावर. साध्या पडद्यांना इतकं हळू जाता येत नाही. दुसरा भाग पेटलेल्या पिक्सेलांचा: किती पिक्सेल पेटले, कोणत्या रंगात आणि किती उजेडावर. आपल्या हातात असतो तो हा दुसरा भाग.

आता लोक सर्वांत आधी हात घालतात त्या रंगाकडे येऊ. पांढरा रंग दाखवायला लाल, हिरवा, निळा असे तिन्ही उपपिक्सेल पेटतात. त्यात निळा सर्वांत खर्चिक. बहुतेक फोनांच्या पडद्यांत लाल आणि हिरव्यासाठी जास्त कार्यक्षम जातीचं रसायन वापरतात, पण निळ्यासाठी तसं टिकाऊ रसायन अजून सरसकट वापरात नाही, त्यामुळे तो जुन्या, कमी कार्यक्षम जातीवर चालतो. वीज जास्त खातो आणि झिजतोही लवकर. शिवाय आपल्या डोळ्याला निळा उजेड फार कमी जाणवतो. पांढऱ्यातून जाणवणाऱ्या उजेडात निळ्याचा वाटा जेमतेम ७ टक्के, हिरव्याचा सुमारे ७२ आणि लालचा २१.

यातूनच कामाची गोष्ट निघते. पांढऱ्यातून निळा काढून टाकला की उरतो पिवळा. पिवळं घड्याळ डोळ्याला पांढऱ्याच्या ९३ टक्के उजळ दिसतं आणि सर्वांत महाग उपपिक्सेल मात्र पूर्ण बंद राहतो. म्हणून मला विचाराल तर एओडीसाठी पहिली पसंती पिवळा किंवा अंबर, दुसरी हिरवा. गर्द निळं घड्याळ रात्री छान दिसतं, पण दुपारी ते वाचायला माणूस उजेड वाढवतो आणि बचत तिथेच संपते. गर्द लालचंही जवळपास तसंच, अंधारात डोळ्याला सुखद पण दिवसा मंद. बऱ्याच थीमवाल्यांना निळा आणि जांभळाच का आवडतो ते त्यांचं त्यांना ठाऊक, एओडीसाठी हे दोन्ही रंग वाईटच.

तरीही नुसता रंग बदलून बॅटरीत मोठा फरक पडत नाही, असंच बहुतेकांना आढळतं आणि ते खरंच आहे. साध्या आकड्यांच्या घड्याळाने पडद्याचा फार तर दोन-तीन टक्के भाग पेटतो. तेवढ्याचा रंग बदलून किती वाचणार? फरक पडत नसेल तर उजेड दुसरीकडून गळतोय असं समजावं. ती जागा बहुतेक वेळा घड्याळामागची पार्श्वभूमी असते.

माझ्या मेहुण्याचं सांगलीत औषधांचं दुकान आहे. फोन दिवसभर काउंटरवर, डोक्यावर ट्यूबलाइट. ५००० एमएएच बॅटरीचा फोन, एओडी कायम चालू. त्याने मला फोनवर सांगितलं, "दाजी, घड्याळ बारीक केलं, रंग तीनदा बदलला, तरी संध्याकाळी चार्जर शोधावाच लागतो." एओडीवर काय काय दिसतं ते विचारलं. घड्याळ, तारीख आणि मागे विठोबाचं चित्र, काळ्या पार्श्वभूमीवरचं. व्हॉट्सॲपवर कुणीतरी पाठवलेलं होतं. लॉक स्क्रीनचा वॉलपेपर एओडीवरही दिसू देण्याची सोय अलीकडच्या बऱ्याच फोनांत आहे आणि त्याने ती चालू ठेवली होती.

पार्श्वभूमी काळी, म्हणजे खर्च नाही, असं त्याने धरलं होतं. मी त्याला एक साधी तपासणी सांगितली. रात्री खोलीतले सगळे दिवे बंद करायचे, चार्जरचा मिणमिणता दिवासुद्धा झाकायचा, एक-दोन मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्यायचे आणि मग एओडी चालू असलेल्या फोनकडे बघायचं. पार्श्वभूमी खरोखर काळी असेल तर फोनच्या काचेची कड दिसत नाही, आकडे अंधारात अधांतरी तरंगल्यासारखे वाटतात. ती करडी असेल तर पडद्याचा आख्खा आयत राखाडी होऊन उठून दिसतो आणि वरच्या कॅमेऱ्याचं भोक काळ्या टिकलीसारखं स्पष्ट दिसतं. मेहुण्याला टिकली दिसली. टिकलीच्या बाजूचा पडदा पेटलेला होता म्हणून ती दिसली.

मग ते चित्र त्याने मला पाठवलं. रंग तपासण्याच्या ॲपमध्ये पार्श्वभूमीवर बोट ठेवलं तर आकडा आला #303030. खरा काळा म्हणजे #000000. दिवसाच्या उजेडात या दोन्हींतला फरक सहज लक्षात येत नाही, आणि व्हॉट्सॲपवर फिरून आलेल्या काळ्या चित्रांत असा भेसळीचा काळा वरचेवर सापडतो.

#303030 ने किती बिघडतं? रंगाचा आकडा आणि प्रत्यक्ष उजेड सरळ प्रमाणात नसतात. पडदे साधारण २.२ गॅमावर चालतात, म्हणजे ० ते २५५ मधल्या आकड्याला २५५ ने भागून आलेल्या उत्तराचा २.२ वा घात घेतला की उजेड कळतो. 30 हा सोळाच्या पायावरचा आकडा, आपल्या हिशेबात ४८. ४८ भागिले २५५ म्हणजे ०.१८८ आणि त्याचा २.२ वा घात सुमारे ०.०२५. म्हणजे त्या करड्या पार्श्वभूमीचा प्रत्येक पिक्सेल पूर्ण पांढऱ्याच्या अडीच टक्के उजेड देतो. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण पार्श्वभूमी जवळजवळ आख्ख्या पडद्यावर पसरलेली आहे. संपूर्ण पडदा अडीच टक्क्यांवर पेटणं आणि पडद्याचा अडीच टक्के भाग पूर्ण पांढरा पेटणं, एकूण उजेडाच्या हिशेबात सारखंच. अडीच टक्के भाग म्हणजे जवळपास त्याचं सगळं घड्याळ. न दिसणाऱ्या काळ्यात आणखी एक आख्खं घड्याळ जळत होतं. #404040 असतं तर पाच टक्के, म्हणजे दोन घड्याळं. एओडीच्या वेळी फोन वॉलपेपर थोडा मंद करतो हे खरं, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा फोनप्रमाणे बदलेल. पण करडं मंद होऊन काळं होत नाही.

इथे एक जण हटकून विचारतो: सेटिंगमधल्या बॅटरीच्या पानावर एओडीचा खर्च दिसतो की, तोच का बघू नये? कारण बऱ्याच अँड्रॉइड फोनांत तो आकडा मोजलेला नसतो, अंदाजलेला असतो. फोन बनवणाऱ्याने एका फाइलमध्ये एओडीला इतका इतका प्रवाह लागतो असा एकच आकडा भरून ठेवलेला असतो आणि अँड्रॉइड त्याला चालू असलेल्या वेळाने गुणतं. तुम्ही घड्याळ पिवळं करा नाहीतर मागे दिवाळीतली रोषणाई लावा, त्या पानावरचा आकडा बदलेलच असं नाही. वीज प्रत्यक्ष मोजणारी सोय काही मोजक्या फोनांतच असते. त्यामुळे स्वतः मोजावं.

मोजायला टक्केवारी अपुरी पडते. ५००० एमएएच बॅटरीत एक टक्का म्हणजे ५० एमएएच. एवढ्या जाड मापाने घड्याळांतला फरक कळत नाही. संगणकावर एडीबी, म्हणजे फोनला संगणकावरून आज्ञा देण्याचं साधन, असेल आणि फोनमध्ये यूएसबी डीबगिंग चालू असेल तर ही आज्ञा द्या:

```
adb shell dumpsys battery
```

येणाऱ्या यादीत बहुतेक फोनांवर `Charge counter` अशी ओळ असते. हा आकडा मायक्रो-अँपिअर-तासांत असतो, १००० ने भागलं की एमएएच. सुरुवातीला एकदा वाचा, वायर लगेच काढा, काही तासांनी पुन्हा वाचा आणि वजाबाकी करा. वायर जोडलेली असताना फोन चार्ज होतो, म्हणून वाचन झटपट उरकायचं. काही फोनांत हा आकडाही मोठ्या पावलांनी बदलतो, तिथे जास्त तास थांबावं लागतं.

मोजताना एक चूक फार जण करतात. फोन रात्री उशाशी ठेवून मोजतात. रात्री खोलीत अंधार, एओडीचा उजेड आपोआप किमान पातळीवर गेलेला, त्यामुळे कुठलंही घड्याळ स्वस्तच निघतं. काही फोन उजेडाचा सेन्सर झाकला गेला की फोन खिशात आहे असं समजून एओडी बंदही करतात. ज्या उजेडात फोन दिवसभर पडून असतो त्याच उजेडात मोजावं. विमान मोड चालू ठेवावा, नाहीतर रेंज शोधण्याचा खर्च घड्याळाच्या माथी बसतो. आणि पहिलं माप नेहमी एओडी पूर्ण बंद ठेवून घ्यावं. तेच जास्त आलं तर दोष एओडीचा नाहीच, पाठीमागे एखादं ॲप फोनला झोपू देत नाहीये आणि ते आधी शोधायला हवं.

मेहुण्याचं दुकान दुपारी १ ते ५ बंद असतं. त्या चार तासांत ट्यूबलाइट चालू ठेवून, फोन काउंटरवर त्याच जागी ठेवून आम्ही मोजलं. एओडी बंद असताना चार तासांत ३४ एमएएच गेले. त्याची मूळची रचना, म्हणजे पांढरं घड्याळ आणि विठोबाचं चित्र, २४६. फक्त घड्याळ पिवळं केलं, २२८. इथेच त्याच्या सगळ्या वैतागाचं उत्तर आहे: तो ज्या रंगाच्या मागे लागला होता त्याने जेमतेम १८ वाचत होते. मग पिवळं घड्याळ आणि चित्र तसंच ठेवून पार्श्वभूमी खरी काळी केली, १४८. चित्र काढून नुसतं पिवळं घड्याळ ठेवलं आणि आपोआप वाढणारा उजेड बंद करून तो हाताने खाली आणला, तर १०४.

दुकानाच्या दहा तासांचा हिशेब केला तर मूळ रचना १२ टक्के बॅटरी खात होती, काळी केलेली पार्श्वभूमी साडेसात आणि नुसतं घड्याळ पाचच्या आसपास. विठोबा काढायची त्याची तयारी नव्हती आणि काढावा असं मलाही वाटलं नाही. एकट्या पार्श्वभूमीनेच चार टक्के परत दिले होते. उरलेल्या अडीच टक्क्यांसाठी रोज दिसणारं आवडतं चित्र सोडणं हा महाग सौदा झाला असता.

पार्श्वभूमी काळी करायला मोठं सॉफ्टवेअर लागत नाही. फोनच्या फोटो संपादकात काळ्याची पातळी किंवा ब्लॅक पॉइंट नावाची पट्टी असते. ती वाढवत गेलं की गडद करडा काळ्यात बुडतो. थांबायचं कुठे? चित्राच्या गडद कडा, विठोबाच्या चित्रात कमरेवरच्या हातांच्या रेषा, जाऊ लागल्या की एक पाऊल मागे. मग रंग तपासून पाहायचं, चारही कोपरे #000000 आले पाहिजेत. शक्य असेल तर पीएनजी स्वरूपात जतन करावं, कारण जेपीजी रेषांच्या कडेने पुन्हा हलकी करडी भुकटी सोडतं. आणि कुणाला पाठवायचं असेल तर व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावं, म्हणजे चित्र पुन्हा दाबलं जात नाही. शेवटी अंधाऱ्या खोलीतली तपासणी पुन्हा एकदा. टिकली दिसेनाशी झाली की काम झालं.

आपोआप उजेडाबद्दल थोडं. एओडीचा उजेड खोलीतल्या उजेडाप्रमाणे वर-खाली होतो. ट्यूबलाइटखाली किंवा खिडकीशी ठेवलेला फोन तेच घड्याळ घरातल्या कोपऱ्यापेक्षा कितीतरी प्रखर दाखवतो. काही फोनांत एओडीच्या सेटिंगमध्ये हा आपोआप उजेड बंद करता येतो. आधी घड्याळ पिवळं किंवा हिरवं करा, मग उजेड खाली आणत जा आणि हातभर अंतरावरून वेळ सहज वाचता येईल तिथे थांबा. हा क्रम उलटा केला तर पांढऱ्यासाठी लावलेला जास्तीचा उजेड तसाच राहून जातो. ज्याला उन्हात बसून काम करावं लागतं, रस्त्यावरचा विक्रेता किंवा शेतातला माणूस, त्याने मात्र आपोआप उजेड चालूच ठेवावा. नाहीतर घड्याळ दिसणारच नाही आणि एओडीचा उपयोगच संपेल.

सगळं करूनही खर्च तासाला दोन-तीन टक्क्यांच्या घरात असेल तर एक प्रश्न स्वतःला विचारा: एओडी फोनचा स्वतःचा आहे की प्ले स्टोअरवरून उतरवलेलं ॲप आहे? फोनच्या स्वतःच्या एओडीत प्रोसेसर झोपलेला असतो, पडदा आपल्या स्मरणातलं चित्र दाखवत राहतो आणि मिनिट बदललं की प्रोसेसर क्षणभर उठतो. बाहेरच्या बहुतेक ॲपना ही सोय मिळत नाही. ती काळ्या पानावर घड्याळ काढतात आणि खरा पडदा पूर्ण चालू ठेवतात. ओळखायला सोपं आहे: बॅटरीच्या पानावर पडदा चालू असल्याचे तास बघा. तुम्ही फोन चार तास वापरला आणि तिथे तेरा तास दिसत असतील तर ॲपनेच तो जागा ठेवला आहे. अशा वेळी रंगरूप सुधारत बसू नये, ॲप काढून टाकावं. सेकंदकाटा दाखवणारी घड्याळं बहुधा अशाच ॲपमध्ये असतात. फोनच्या स्वतःच्या एओडीत सेकंद सहसा नसतात, कारण सेकंदासाठी प्रोसेसर मिनिटात एकदाऐवजी साठ वेळा उठवावा लागेल.

आयफोनवर रंगाचा खेळ करायला वाव कमी, पण चित्राचा प्रश्न तोच. सेटिंगमध्ये Display & Brightness खाली Always On Display मध्ये वॉलपेपर दाखवायचा की नाही हे ठरवता येतं. ही सोय iOS 16.2 पासून आहे. वॉलपेपर बंद केला की काळ्यावर नुसतं घड्याळ आणि विजेट उरतात. तो ठेवायचाच असेल तर गडद, खऱ्या काळ्याचं चित्र निवडावं, नियम तोच.

पडद्यावर कायमचा डाग पडण्याची भीती अनेकांना असते. फोन घड्याळ थोड्या थोड्या वेळाने काही पिक्सेल सरकवतो ते त्यासाठीच. तरी ठळक, भरीव आकड्यांपेक्षा बारीक रेषेचे आकडे बरे, आणि निळा रंग इथेही टाळावा, कारण लवकर झिजतो तोच.

आणि समस्या परत का येते त्याचं उत्तरही वरच आहे. नवी थीम बहुधा स्वतःचं एओडी घड्याळ घेऊन येते, नवा वॉलपेपर स्वतःचा करडा घेऊन येतो. मेहुण्याने आषाढीला चित्र बदललं तेव्हा त्याने आधी कोपऱ्यावर बोट ठेवून रंग तपासला. #1C1C1C आला, तर ब्लॅक पॉइंटची पट्टी सरकवून मगच लावलं. सोबत एओडीची वेळ सकाळी ९ ते रात्री १० अशी बांधून घेतली, कारण रात्री फोन कपाटावर पालथा असतो आणि तिथे घड्याळ बघणारं कुणी नाही.